एक रात्र राहिलेल्याने किती द्यायचे?

अलिबागजवळ नागावला आठ जणांसाठी बंगला घेतला, रात्रीचे भाडे १२,००० रुपये. चौघे गुरुवारीच पोहोचले, दोघे शुक्रवारी संध्याकाळी आले आणि उरलेले दोघे शनिवारी रात्रीच्या जेवणाला. रविवारी नाश्ता करून सगळे निघाले. तीन रात्रींचे भाडे झाले ३६,०००. त्याचे सरळ आठ भाग केले, तर एकच रात्र राहिलेल्यालाही ४,५०० पडतात. हे कोणालाच पटणार नाही.

मग लोक म्हणतात, ज्या रात्री जे होते त्यांनी त्या रात्रीचे भाडे वाटून घ्यावे. तसे केले तर तीन रात्री राहिलेल्यांना माणशी ६,५००, दोन रात्रीवाल्यांना ३,५०० आणि शनिवारच्या पाहुण्यांना १,५०० येतात. ऐकायला बिनतोड वाटते. पण गुरुवारी चौघांच्या डोक्यावर अख्खा बंगला बसला, आणि एवढा मोठा बंगला तर शनिवारी आठ जण असणार म्हणून घेतलेला! चौघेच असते तर दोन खोल्यांत भागले असते. म्हणून अशा वेळी माणसे आणि रात्री यांचा गुणाकार करावा: चौघांच्या १२, दोघांच्या ४, शेवटच्या दोघांच्या २, एकूण १८. भाग येतो २,०००. म्हणजे माणशी ६,०००, ४,००० आणि २,०००. मला हाच हिशेब रास्त वाटतो. चौघांनी बंगला आधीच स्वतःपुरता घेतला असेल आणि बाकीचे मागाहून ‘आम्हीही येतो’ म्हणाले असतील, तर मात्र पहिली रीत बरी.

कोणी दोन रात्रींचे कबूल करून एकच राहिला, तर भाडे दोन्ही रात्रींचे घ्यावे; त्याची जागा राखलेली होती.

किराण्याला रात्री मोजून चालत नाही, तिथे ताटे मोजावीत. शनिवारचे पाहुणे एक जेवण आणि एक नाश्ता एवढेच जेवले. नाश्ता अर्धे ताट धरला, तर आधीपासून असलेल्यांची साडेसहा, मधल्यांची चार आणि शेवटच्यांची दीड ताटे होतात. सगळ्यांची मिळून ३७. किराणा, भाजी, दूध मिळून ७,४०० रुपये झाले असतील, तर ताट २०० रुपयांना पडते: माणशी १,३००, ८०० आणि ३००.

सुरमई आणि दारू या बेरजेत घालू नये. भांडणे होतात ती बहुधा इथेच, कारण शाकाहारी माणूस वरणभात जेवून सुरमईचे पैसे भरतो आणि मनात ठेवतो. त्यांची बिले वेगळी ठेवून खाणाऱ्या-पिणाऱ्यांतच वाटावीत. बंगलेवाल्याकडे ठेवलेली अनामत खर्चात धरू नये, ती परत मिळते. उरलेली न फोडलेली तेलाची पिशवी जो घरी नेईल, त्याच्या नावावर तिची किंमत टाकून मगच ताटांचा भाव काढावा.