दाव्यांचा तक्ता नीट वाचा

कर्मचाऱ्यांच्या सामूहिक आरोग्य विम्यासाठी कंपनी ब्रोकरांकडून प्रस्ताव मागवते, तेव्हा निविदेतला सर्वांत बोलका कागद असतो तो दाव्यांचा तक्ता.

समजा, वर्षाचा हप्ता 60 लाख रुपये आहे. नऊ महिन्यांत 45 लाखांचे दावे चुकते झाले. वरवर पाहता दाव्यांचं प्रमाण 75 टक्के दिसतं. पण नऊ महिन्यांच्या वाट्याला हप्ताही 45 लाखच येतो. शिवाय 9 लाखांचे दावे मंजुरीच्या वाटेवर आहेत. म्हणजे 45 लाखांवर 54 लाख. खरं प्रमाण 120 टक्के. म्हणून तक्त्यात तारीख, चुकते आणि प्रलंबित दावे वेगवेगळे हवेत. रुग्णांची नावं मात्र नकोत.

असा तक्ता पाहूनही एखादा ब्रोकर हप्ता घटवून दाखवत असेल, तर अटी तपासाव्यात. खोलीभाड्याची मर्यादा तिथे हळूच घटलेली किंवा आईवडिलांच्या उपचारांत कर्मचाऱ्याचा वाटा वाढलेला असतो. त्यामुळे निवडीच्या निकषांत हप्त्याबरोबर दावे निकाली काढण्याचा वेग, रुग्णालयात अडलेल्या कुटुंबासाठी रात्री फोन उचलणारा माणूस आणि नाकारलेल्या दाव्यांचा पाठपुरावा यांनाही गुण ठेवावेत, आणि ते गुण निविदेतच आधी जाहीर करावेत.