बॉमोल प्रारूप: सूत्र एक, गैरसमज चार

वित्त व्यवस्थापनाच्या पेपरात बॉमोल प्रारूपाचे उदाहरण सोपे मानले जाते, कारण सूत्र एकच आहे. गुण मात्र त्यातच जातात. सूत्र पाठ असते, पण त्यातले प्रत्येक अक्षर कशासाठी आहे हे डोक्यात नसते. म्हणून एकच उदाहरण घेऊन त्यातले चार गैरसमज तपासू.

समजा, एका कंपनीला वर्षभरात 24 लाख रुपये रोख लागतात आणि हा खर्च रोज सारखाच होतो. पैसा रोख्यांत गुंतवलेला आहे आणि त्यावर वर्षाला 8 टक्के मिळतात. रोखे विकून रोख करायचा खर्च दर वेळी 240 रुपये येतो. तर एका वेळी किती रुपयांचे रोखे विकावेत?

C = √(2bT/i)

इथे C म्हणजे एका वेळी विकायच्या रोख्यांची रक्कम, b म्हणजे एका विक्रीचा खर्च, T म्हणजे वर्षाची रोख गरज आणि i म्हणजे व्याजदर. 2 × 240 × 24,00,000 ÷ 0.08 = 1440,00,00,000. त्याचे वर्गमूळ 1,20,000. म्हणजे एका वेळी 1,20,000 रुपयांचे रोखे विकायचे, वर्षातून 20 वेळा.

गैरसमज 1: 1,20,000 ही कंपनीकडची सरासरी शिल्लक.

वस्तुस्थिती: ही एका वेळी हाती येणारी रक्कम आहे. ती रोज सारखी खर्च होत शून्यावर येते आणि मग पुन्हा रोखे विकले जातात. त्यामुळे सरासरी शिल्लक निम्मी, म्हणजे 60,000 रुपये. बुडालेले व्याज या 60,000 वर मोजायचे: 4,800 रुपये. विक्रीचा खर्च 20 × 240, तोही 4,800 रुपये. एकूण 9,600.

दोन्ही खर्च सारखे आले हा योगायोग नाही. रक्कम वाढवली की विक्रीचा खर्च घटतो आणि व्याजाचे नुकसान वाढते. या प्रारूपात दोन्ही जिथे समान होतात, तिथेच बेरीज सर्वांत कमी असते. उत्तर तपासायची खूण हीच.

गैरसमज 2: गरज महिन्याची दिली असेल तर तीच सूत्रात घालावी.

वस्तुस्थिती: T आणि i एकाच कालावधीचे हवेत. महिन्याची गरज 2 लाख आणि दर मात्र वार्षिक 8 टक्के घेतला, तर उत्तर सुमारे 34,641 येते. ते वरच्या खुणेवर तपासा. वर्षाला सुमारे 69 विक्र्या, त्यांचा खर्च सुमारे 16,600 रुपये. बुडालेले व्याज जेमतेम 1,400. दोन्ही बाजू जुळत नाहीत, म्हणजे चूक आहे. दरही 12 ने भागून घेतला की उत्तर पुन्हा 1,20,000 येते.

गैरसमज 3: दलालीचा प्रत्येक रुपया b मध्ये धरायचा.

वस्तुस्थिती: रक्कम कितीही असो, दर व्यवहाराला जो ठरावीक खर्च येतो, तेवढाच b. दलाली रकमेच्या टक्क्यांत असेल तर वर्षभरात 24 लाखांवर ती तेवढीच द्यावी लागते, मग विक्री 20 वेळा करा की 40 वेळा. रकमेच्या निवडीने ती बदलत नाही, म्हणून सूत्रात येत नाही. एकूण खर्च सांगताना मात्र ती मिळवावी.

गैरसमज 4: रोख गरज दुप्पट झाली की विक्रीची रक्कमही दुप्पट.

वस्तुस्थिती: T वर्गमुळाच्या आत आहे. गरज 48 लाख झाली तर C सुमारे 1,69,700 होते, म्हणजे साधारण 1.41 पट. रक्कम दुप्पट व्हायला गरज चौपट व्हावी लागते. परीक्षेत ‘गरज बदलल्यास’ असा उपप्रश्न येतो तेव्हा पहिल्या उत्तराला 2 ने गुणणाऱ्यांचे गुण इथे जातात.

रक्कम बदलली की एक खर्च घटतो आणि दुसरा वाढतो, म्हणून एकूण खर्चाचा आलेख तळाशी पसरट असतो. समजा कंपनीने 1,20,000 ऐवजी 1,50,000 चे रोखे विकले. विक्र्या 16, खर्च 3,840, व्याज 6,000, एकूण 9,840. रक्कम 25 टक्क्यांनी चुकली, पण खर्च फक्त 240 रुपयांनी, म्हणजे अडीच टक्क्यांनी वाढला. त्यामुळे प्रत्यक्षात रक्कम सोयीच्या आकड्यापर्यंत नेली तरी चालते. 34,641 सारखी घसरण मात्र खर्च जवळजवळ दुप्पट करते.

विल्यम बॉमोल यांनी 1952 मध्ये हे प्रारूप मांडले तेव्हा रोख रकमेकडे मालाच्या साठ्यासारखे पाहिले. गोदामातला माल रोज सारखा उठतो आणि संपला की नवा येतो, तसेच हे. तिजोरीतला पैसा असा सारखा उठत नसेल, येणी-देणी अनिश्चित असतील, तर हे गणित बसत नाही. त्यासाठी मिलर आणि ऑर यांचे 1966 चे प्रारूप आहे. प्रश्न वाचताना म्हणून आधी ‘खर्च वर्षभर सारखा’ हे शब्द शोधावेत. उत्तर आल्यावर दोन खर्च शेजारी लिहावेत. ते जुळले नाहीत, तर सूत्रात काय घातले ते पुन्हा पाहावे.