घरकर्ज किती मिळेल? आधी हप्ते मोजा

पगार किती, एवढ्यावर बँक घरकर्ज ठरवत नाही. सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या किती टक्के होतात, हे ती पाहते. या प्रमाणाला ‘एफओआयआर’ म्हणतात. मर्यादा बँकेगणिक वेगळी असते. समजा, हातात 60,000 रुपये येतात आणि मर्यादा 50 टक्के आहे. मग सगळ्या हप्त्यांना मिळून 30,000 रुपये. त्यातून गाडीचा 6,000 रुपयांचा हप्ता गेला की घरासाठी उरले 24,000. साडेआठ टक्के व्याजाने, 20 वर्षांसाठी, लाखामागे साधारण 868 रुपये हप्ता पडतो. म्हणजे कर्ज साडेसत्तावीस लाखांच्या आसपास. गाडीचे कर्ज अर्जाआधीच फिटले असेल, तर हाच आकडा साडेचौतीस लाखांवर जातो! क्रेडिट कार्डावरची थकबाकीही अनेक बँका हिशेबात धरतात. अर्जदार नेमकी तीच विसरतो.