न कळवता बैठक चुकली, तर काय लिहावे?

दिलगिरीचा निरोप म्हणजे गैरहजेरीचा खुलासा, असा समज सर्रास आढळतो. त्यामुळे ट्रॅफिक, पाहुणे, फोनची बॅटरी यांतच चार ओळी जातात. खरे तर या निरोपात दोनच गोष्टी लागतात: चूक आपली असल्याची कबुली आणि अडलेले काम पुढे नेण्याचा मार्ग. धक्का लागून कुणाचा चहा सांडला, तर आपण माफी मागून फडके आणतो. तोल का गेला हे सांगत बसत नाही.

समजा, सोसायटीच्या कार्यकारिणीची बैठक होती आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची कोटेशने (कामाच्या खर्चाचे लेखी अंदाज) खजिनदारांकडेच होती. ते आले नाहीत, निर्णय अडला. त्यांनी असे लिहावे:

“आजच्या बैठकीला मी न कळवता गैरहजर राहिलो. चूक माझी आहे, क्षमस्व. माझ्यामुळे गच्चीचा निर्णय राहिला. तिन्ही कोटेशने सोबत पाठवली आहेत. तुलनेचा तक्ता आज रात्री नऊपर्यंत देतो. रविवारी सकाळी दहाला भेटता येईल का? नाहीतर तुमच्या सोयीची वेळ सांगा.”

इथे नेमके नुकसान नोंदवले आहे, म्हणून कबुली मोघम वाटत नाही. ‘गैरसोय झाली असल्यास’ हे शब्द मात्र टाळावेत. गैरसोय झालेलीच असते. आजारपणासारखे खरे कारण एका वाक्यात जरूर सांगावे, पण कबुलीनंतर. निरोप शक्यतो त्याच दिवशी, कुणी विचारण्याआधी जावा. आणि पाळता येईल अशीच वेळ सांगावी: तक्ता नऊपर्यंत जमणार नसेल, तर उद्याची वेळ द्यावी.