झाकण घट्ट, तरी दिवा पेटलेला

अमेरिकेत राहत असताना आम्ही एक जुनी गाडी घेतली होती. एके दिवशी चालकासमोरच्या पट्टीवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडीच्या संगणकाने नोंदवलेला संकेतांक होता P0455, म्हणजे पेट्रोलच्या वाफेच्या बंदिस्त मार्गात मोठी गळती. टाकीचं झाकण सैल असेल, असं जो तो म्हणाला. आम्ही नवं झाकण बसवलं, दिवा घालवला. पण थोड्याच दिवसांत स्वारी पुन्हा हजर!

मग हा मार्ग नीट समजून घेतला. उभ्या गाडीतही पेट्रोलची वाफ होतच असते. ती हवेत सोडली तर सूर्यप्रकाशात तिच्यापासून ओझोन बनायला मदत होते. म्हणून टाकीतली वाफ एका नळीने कोळशाच्या डब्यात नेतात. हा कोळसा सच्छिद्र असतो. त्याच्या एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असतो आणि त्यावर वाफेचे रेणू चिकटून राहतात. अर्थात डबा कधीतरी भरणारच. तो रिकामा करायचं काम पर्ज व्हॉल्व्ह नावाच्या झडपेचं. इंजिन तापलं की संगणक ती उघडतो. इंजिनच्या हवा घेणाऱ्या नळीत दाब कमी असतो, त्यामुळे बाहेरची हवा कोळशातून ओढली जाते आणि चिकटलेलं पेट्रोल घेऊन इंजिनात जळायला जाते. इंजिन बंद असताना मात्र ही झडप मिटलेलीच हवी.

आमच्या गाडीने एक खूण दिली होती, पण ती आमच्या लक्षातच आली नव्हती. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू होत नसे. ॲक्सिलरेटर दाबून धरला तरच होई. असं का? टाकीत पेट्रोल शिरताना तिथली वाफ डब्याकडे ढकलली जाते. झडप उघडीच राहिली असेल तर ती थेट इंजिनात पोचते, मिश्रणात पेट्रोल फार होतं आणि ते पेट घेत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर जास्त हवा आत येते. गळतीच्या संकेतांकाचंही कारण हेच. संगणक मार्गाची दोन्ही टोकं बंद करून आतला दाब टिकतो का ते पाहतो. आमचं एक टोक मिटतच नव्हतं.

इंजिन बंद करून झडप काढली आणि सायकलच्या पंपाने तिच्यात हवा मारली. हवा आरपार गेली. झडप तळहातावर आपटली, तर काळे कण पडले. कोळसाच तो! डब्यातली जाळी फाटली होती. पंपाची तोटी आपोआप बंद झाल्यावरही जबरदस्तीने पेट्रोल भरत राहिलं, तर द्रव पेट्रोल डब्यात शिरून तो बिघडतो. आधीच्या मालकाला ती सवय होती की काय, कोण जाणे.

नुसती झडप बदलली असती तर नवीही अशाच कणांनी अडकली असती. म्हणून आम्ही डबा आणि झडप दोन्ही बदलले, मधली नळी फुंकून साफ केली. दिवा गेला, पण एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी असेल तर संगणक ही तपासणी करतच नाही. टाकी अर्धी ठेवून आठवडाभर गाडी चालवली, तपासणी पूर्ण झाल्याची नोंद पाहिली, तेव्हाच आम्ही जुनं झाकण फेकून दिलं. तेही बहुधा चांगलंच होतं.