पंधरा व्होल्ट, दोन अँपिअर आणि पन्नास वॅट उष्णता

बेंच पॉवर सप्लायच्या पुढच्या पट्टीवर दोन नॉब असतात. एकाने व्होल्टेज ठरवायचे आणि दुसऱ्याने करंटची कमाल मर्यादा. जोडलेले सर्किट मर्यादेपेक्षा कमी करंट घेत असेल, तर सप्लाय व्होल्टेज स्थिर ठेवतो. सर्किट जास्त करंट मागू लागले, की तो करंट मर्यादेवर धरून ठेवतो आणि व्होल्टेज खाली येऊ देतो. समजा १२ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर अशी मांडणी केली आहे. २४ ओहमपेक्षा मोठा रोध जोडला, तर त्याला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. १० ओहमचा रोध जोडला, तर अर्धा अँपिअरच वाहतो आणि व्होल्टेज ५ वर उतरते. नव्याने जोडलेल्या सर्किटमध्ये चुकून शॉर्ट राहिला असेल, तर या दुसऱ्या नॉबमुळे ते जळण्यापासून वाचते.

अशा सप्लायचे दोन मुख्य प्रकार आहेत, स्विचिंग आणि लिनिअर. लिनिअर प्रकारात आउटपुट स्वच्छ मिळते, त्यात उच्च वारंवारतेचा गोंगाट नसतो, म्हणून ऑडिओ, रेडिओ आणि मोजमापाच्या कामाला तो पसंत केला जातो. त्याची किंमत उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. ० ते १५ व्होल्ट आणि २ अँपिअरपर्यंतचा सप्लाय उदाहरणादाखल घेतला, तर हा हिशेब स्पष्ट होतो.

कच्चे व्होल्टेज

घरातली २३० व्होल्टची वीज ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्ट एसीवर आणतो. ब्रिज रेक्टिफायर तिची डीसी करतो आणि मोठा कपॅसिटर तिच्यातले चढउतार कमी करतो. १८ व्होल्ट एसीचे शिखर सुमारे २५.५ व्होल्ट असते. त्यातले २ व्होल्ट रेक्टिफायरच्या दोन डायोडमध्ये जातात आणि कपॅसिटर साधारण २३.५ व्होल्टपर्यंत भरतो. ५० हर्ट्झच्या विजेत तो दर १० मिलिसेकंदांनी भरला जातो. मधल्या वेळात लोड त्यातूनच करंट ओढत असल्याने त्याचे व्होल्टेज घसरते. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि २ अँपिअर करंट असेल, तर ही घसरण सुमारे २ व्होल्ट होते. म्हणजे सरासरी २२.५ व्होल्ट मिळतात.

पण वीज नेहमी २३० व्होल्ट नसते. ती १० टक्क्यांनी खाली गेली, तर घसरणीच्या तळाशी सुमारे १९ व्होल्ट उरतात. १५ व्होल्टचे आउटपुट आणि त्यावर ट्रान्झिस्टरला चालायला लागणारे साडेतीन व्होल्ट त्यात जेमतेम बसतात. यापेक्षा लहान ट्रान्सफॉर्मर घेतला, तर पूर्ण लोडवर आउटपुटमध्ये १०० हर्ट्झची गुणगुण उतरते. वीज १० टक्क्यांनी वर गेली, तर सरासरी २५ व्होल्टवर पोचते. पहिल्या आकड्यावर ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज ठरते, दुसऱ्यावर हीट सिंकचा आकार. कपॅसिटर भरताना करंट थोड्या वेळात झटक्याने येतो, म्हणून २ अँपिअर डीसीसाठी ट्रान्सफॉर्मर साधारण साडेतीन अँपिअरचा घ्यावा लागतो.

दोन राखणदार, एक ट्रान्झिस्टर

कच्चे व्होल्टेज आणि आउटपुट यांच्यामध्ये पास ट्रान्झिस्टर असतो. मधले जादा व्होल्टेज तो स्वतःवर घेतो. त्याला उघडण्या-मिटण्याचे काम दोन ऑप-अँप करतात. पहिला आउटपुटचा ठरावीक हिस्सा एका स्थिर संदर्भ व्होल्टेजशी ताडून पाहतो. दुसरा करंटवर नजर ठेवतो. त्यासाठी करंटच्या वाटेत ०.२२ ओहमचा रोध असतो, ज्यावर २ अँपिअरला ०.४४ व्होल्ट पडतात. करंटचा नॉब या ऑप-अँपला तुलनेसाठी व्होल्टेज पुरवतो.

या जोडणीतली खुबी डायोडमध्ये आहे. ट्रान्झिस्टरच्या बेसला उघडण्यासाठी लागणारा करंट एका रोधातून सतत मिळत असतो. प्रत्येक ऑप-अँप एका डायोडमधून तो करंट खाली खेचू शकतो, वर ढकलू शकत नाही. त्यामुळे ज्याची मर्यादा आधी गाठली जाते त्याचे चालते आणि दुसरा आपोआप बाजूला होतो. करंटची मर्यादा लावायची असेल, तर आउटपुटची टोके शॉर्ट करून अँमीटर पाहत नॉब फिरवायचा असतो.

आउटपुटच्या टोकांवर एक कपॅसिटर हवा, पण तो मोठा नको. तिथे १००० मायक्रोफॅरड ठेवले, तर १५ व्होल्टला साठलेला भार करंटच्या नियंत्रणातून न जाता थेट लोडमध्ये शिरतो. मर्यादा २० मिलिअँपिअरची असूनही एलईडी क्षणात उडते ती यामुळेच. या क्षमतेच्या सप्लायला ४७ ते १०० मायक्रोफॅरड पुरतात. कपॅसिटर अगदीच लहान असेल किंवा ऑप-अँपचा वेग नीट आवरलेला नसेल, तर सर्किट स्वतःशीच दोलायमान होते. ऑसिलोस्कोप नसला, तरी ते ओळखता येते. डीसी आउटपुटवर मल्टिमीटर एसी मिलिव्होल्ट दाखवतो आणि लोडला हात जवळ नेला की आकडा बदलतो.

उष्णता नेमकी कधी जास्त

सप्लाय पूर्ण १५ व्होल्टवर चालवला की तो सर्वांत जास्त तापेल, असा अंदाज सहज बांधला जातो. प्रत्यक्षात उलटे घडते. ट्रान्झिस्टरमधली उष्णता म्हणजे त्याच्यावर पडलेले व्होल्टेज गुणिले करंट. कच्चे २५ व्होल्ट धरले, तर १५ व्होल्ट आउटपुटला ट्रान्झिस्टरवर १० व्होल्ट पडतात आणि २ अँपिअरला २० वॅट उष्णता होते. ५ व्होल्टला ती ४० वॅट होते. टोके शॉर्ट असताना सगळे २५ व्होल्ट ट्रान्झिस्टरवर येतात आणि उष्णता ५० वॅटवर जाते. करंट मर्यादेत आहे म्हणून सर्किट सुरक्षित असते, सप्लाय मात्र त्याच वेळी सर्वांत जास्त सोसत असतो. हीट सिंक या ५० वॅटसाठी निवडावा लागतो.

उष्णतेचा हिशेब ओहमच्या नियमासारखाच आहे. वाटेतल्या प्रत्येक टप्प्याला उष्णतारोध असतो आणि तो ‘अंश प्रतिवॅट’ मध्ये मोजतात. रोध गुणिले वॅट केले, की त्या टप्प्यावर तापमानात पडणारा फरक मिळतो. टप्पे तीन आहेत. ट्रान्झिस्टरच्या आतल्या सिलिकॉनपासून त्याच्या धातूच्या कवचापर्यंत, कवचापासून हीट सिंकपर्यंत आणि सिंकपासून हवेपर्यंत.

दशकानुदशके वापरात असलेला २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर घेऊ. त्याचा आतला रोध सुमारे १.५ अंश प्रतिवॅट आहे. अभ्रकाची पातळ चकती आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉन ग्रीस लावून तो बसवला, तर त्या सांध्याचा रोध ०.४ धरता येतो. सिलिकॉनला २०० अंशांची परवानगी असली, तरी टिकाऊपणासाठी १५० वर थांबणे बरे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, म्हणून हवेचे तापमान तेवढे धरावे. हातात उरतात १०५ अंश. ते ५० वॅटने भागले, की संपूर्ण वाटेसाठी २.१ अंश प्रतिवॅट मिळतात. त्यातले १.९ पहिल्या दोन टप्प्यांतच संपतात. सिंकच्या वाट्याला ०.२ येतात, आणि एवढा कमी रोध पंख्याशिवाय मिळवायचा तर सिंक सप्लायपेक्षाही मोठा होईल.

ट्रान्झिस्टरवर ११५ वॅट लिहिलेले असतात, तरी एकट्याला ५० वॅट झेपत नाहीत ते यामुळे. ११५ चा आकडा कवच २५ अंशांवर ठेवल्यास लागू पडतो आणि तसे कवच प्रत्यक्षात कुठेच नसते. उपाय सोपा आहे. तसेच दोन ट्रान्झिस्टर समांतर जोडायचे आणि दोघांत करंट सारखा वाटला जावा म्हणून प्रत्येकाच्या एमिटरला ०.२२ ओहमचा रोध द्यायचा. हे रोध वगळले, तर जो ट्रान्झिस्टर जास्त तापतो तो आणखी करंट ओढतो, आणखी तापतो आणि शेवटी शॉर्ट होतो. मग आउटपुटवर थेट कच्चे व्होल्टेज येते.

आता प्रत्येकाच्या वाट्याला २५ वॅट आले. पहिल्या दोन टप्प्यांवरचा फरक १.९ गुणिले २५, म्हणजे सुमारे ४८ अंश. सिंक १०२ अंशांपर्यंत तापला तरी चालेल, म्हणजे त्याचा रोध १.१ पर्यंत चालतो. पण १०२ अंशांचा सिंक माणसाचा हात भाजवतो. तो ८० अंशांवर ठेवायचा असेल, तर ३५ अंश भागिले ५० वॅट, म्हणजे ०.७ अंश प्रतिवॅटचा सिंक लागतो.

ट्रान्सफॉर्मरचा टॅप

सिंक वाढवण्याऐवजी उष्णताच कमी करता येते. ट्रान्सफॉर्मरला मधे एक टॅप घेऊन, आउटपुट कमी असताना रिलेने त्यावर जायचे. टॅप बरोबर मध्यावर, ९ व्होल्टवर, घेण्याचा मोह होतो, पण त्याचा फायदा थोडाच. वीज कमी असताना तो टॅप ४ व्होल्टपर्यंतच आउटपुट सांभाळू शकतो. त्यापुढे १८ वर जावे लागते आणि तिथे २१ व्होल्ट गुणिले २ अँपिअर, म्हणजे ४२ वॅट होतातच. १२ व्होल्टचा टॅप साडेसात व्होल्टपर्यंत पुरतो. त्यावर शॉर्ट असताना उष्णता सुमारे ३१ वॅट आणि रिले बदलल्यावर १८ व्होल्टवर ३५ वॅट. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या भरतात.

बसवणे आणि तपासणे

२एन३०५५ चे धातूचे कवच हाच त्याचा कलेक्टर असतो. अभ्रक तडकले किंवा स्क्रूची प्लास्टिकची टोपी विसरली, तर सिंकवर कच्चे व्होल्टेज उतरते. म्हणून वीज देण्याआधी कवच आणि सिंक यांच्यात मल्टिमीटरने जोड नसल्याची खात्री करावी. ग्रीस खाचखळगे भरण्यापुरतीच लावायची असते, जाड थर उलट उष्णता अडवतो. सिंकच्या पात्या उभ्या आणि खोक्याबाहेर असाव्यात, म्हणजे गरम हवा वर निघून जाते.

शेवटी सिंकचा खरा रोध मोजून पाहता येतो. टोके शॉर्ट करून २ अँपिअर सोडायचे आणि तापमान वाढायचे थांबेपर्यंत, साधारण तासभर, थांबायचे. समजा खोलीत ३२ अंश आहेत, कच्चे व्होल्टेज २२.५ आहे आणि ट्रान्झिस्टरजवळ सिंक ७६ अंशांवर स्थिरावला. फरक ४४ अंश, उष्णता ४५ वॅट, म्हणजे रोध जवळपास १ अंश प्रतिवॅट. हाच सिंक ४५ अंशांच्या हवेत आणि ५० वॅटला ९५ अंशांवर जाईल, आणि आतले सिलिकॉन १४३ वर. ट्रान्झिस्टर वाचेल, हात भाजेल. तोच सिंक १२ व्होल्टच्या टॅपसह ३५ वॅटला ८० अंशांवर थांबतो. टॅप नको असेल, तर पंखा लावावा आणि तो बंद पडल्यास ड्राइव्ह तोडणारा बायमेटल थर्मोस्टॅट सिंकवर बसवावा.