बैठकीची क्लिप उभी करताना

शास्त्रीय गायनाच्या बैठकीचं चित्रीकरण बहुधा एकाच स्थिर कॅमेऱ्यावर होतं. मधे गायिका, प्रेक्षकांच्या डाव्या हाताला तबलजी, उजवीकडे पेटीवाले. १९२० बाय १०८० पिक्सेलच्या आडव्या चौकटीत तिघंही ऐसपैस बसतात. हीच क्लिप मोबाइलसाठी उभी कापायची तर पूर्ण उंची ठेवूनही रुंदी मिळते जेमतेम ६०८ पिक्सेल, म्हणजे मूळ चित्राचा एक तृतीयांशही भाग नाही.

एका क्लिपचं उदाहरण घेऊ. गायिका आणि तबलजी यांच्या चेहऱ्यांत ५३० पिक्सेलचं अंतर आहे आणि प्रत्येक चेहरा १५० पिक्सेल रुंद. दोघांना मिळून ६८० पिक्सेल लागतात, म्हणजे एकाचा तरी कान कापला जाणारच. मग फेस ट्रॅकिंग वापरून चौकट गायिकेच्या चेहऱ्यामागे सोडली जाते.

पण गाताना मान डोलते. साठ पिक्सेलचं ते डोलणं आडव्या चौकटीत जाणवतही नाही. उभ्या चौकटीत मात्र तो रुंदीचा दहावा हिस्सा होतो. ट्रॅकिंग प्रत्येक फ्रेमला चेहरा मधोमध आणत राहिलं, तर गायिका खिळल्यासारखी दिसते आणि मागचा पडदा हलतो. ही चूक ओळखायची असेल तर चेहरा सोडून पडद्याच्या कडेकडे पाहावं. उपाय असा, की चेहरा ठरावीक पट्ट्यात आहे तोवर चौकट हलवायचीच नाही आणि पट्टा ओलांडला तरच सावकाश सरकवायची. समेवर गायिका तबलजींकडे वळली की चेहरा एका बाजूनेच दिसतो, ट्रॅकिंग सुटतं आणि चौकट भलत्याच चेहऱ्यावर उडी मारते. अशा जागा हातानेच दुरुस्त कराव्या लागतात.

आता सेफ झोन. आडव्या चित्रात मजकूर चारही कडांपासून पाच टक्के आत ठेवला की भागतं. उभ्या चित्रावर अ‍ॅपची बटणं आणि ओळी येऊन बसतात. रील्सच्या जाहिरातींसाठी मेटा वरचे १४ आणि खालचे ३५ टक्के मोकळे ठेवायला सांगते. बैठकीच्या क्लिपलाही तेच माप लावलेलं बरं. आपल्या क्लिपमध्ये चेहरा त्यातून वाचतो, पण गायिकेचे हात मूळ चित्रात वरून ८०० पिक्सेलवर आहेत. चित्र १९२० उंचीला ताणलं की ते १४२२ वर जातात आणि सुरक्षित हद्द १२४८ लाच संपते. तानेबरोबर फिरणारा हात मजकुराखाली गाडला जातो. ट्रॅकिंगला याचा पत्ताच नसतो, कारण ते फक्त चेहरा ओळखतं. चौकट वरखाली सरकवायलाही वाव नाही, पूर्ण उंची आधीच वापरलेली असते.

बैठकीसाठी मी चौरस काप पसंत करेन. १०८० बाय १०८०चा तुकडा न ताणता उभ्या चौकटीत वरून २६९ पिक्सेलवर ठेवायचा. हात येतात १०६९ वर, हद्दीच्या आत, आणि गायिकेबरोबर तबलाही दिसतो. पेटीवाले तेवढे बाहेर राहतात. पेटीवर तान उमटली की तिथे सरळ कट देऊन चौरस उजवीकडे न्यावा.